दुकानाच्या पेजवर ग्राहकाला तू, तुम्ही की आपण?

«फोंड्याला आमचं मिक्सर, शेगड्या आणि भांड्यांचं दुकान आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या मराठी कमेंटना उत्तरं मी देते. पोस्ट आम्ही 'तू' करून टाकतो, तरुण वाटावं म्हणून. मालक म्हणतात, कमेंटला 'आपण' लिही, शोभून दिसतं. मला 'तुम्ही' बरं वाटतं. काही ग्राहक तर थेट 'काय रे' म्हणूनच सुरू होतात. चवथीच्या आधी कमेंट नुसत्या कोसळतात, तेव्हा नेमकं काय धरून चालायचं?»

कमेंटच्या उत्तरात 'तुम्ही' धरा. ग्राहकाने 'काय रे' म्हटलं तरी 'तुम्ही', पोस्ट 'तू'मध्ये असली तरी 'तुम्ही'. 'आपण' हा शब्द दुकानाने एकाच अर्थाने वापरावा, तो म्हणजे दुकान आणि ग्राहक मिळून: 'आपण फोनवर बोलून घेऊ.' समोरच्याला मान द्यायला तो वापरायचे प्रसंग मोजके आहेत, ते पुढे सांगते. पण नुसतं सर्वनाम ठरवून काम होत नाही. मराठीत मान असतो तो क्रियापदाच्या शेपटीत, आणि बहुतेक दुकानांची उत्तरं बिघडतात ती तिथेच.

आधी 'काय रे'चं बघू, कारण गोव्यात त्याचा अर्थ लावताना गफलत होते. आपल्याकडे मराठी लिहिणारा माणूस बहुतेक वेळा घरात कोंकणी बोलतो. कोंकणीतला 'तूं' मराठीतल्या 'तू'पेक्षा बराच सैल चालतो. ओळखीच्या दुकानदाराला, वयाने मोठ्या शेजाऱ्यालाही कितीतरी लोक 'तूं' म्हणतात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तोच माणूस मराठीत टाइप करतो तेव्हा बोलण्यातला 'तूं' उतरून 'देतोस काय', 'उचलत नाहीस' असं होतं. पुण्या-मुंबईच्या कोणाला ती कमेंट उद्धट वाटेल. डिचोली-साखळीच्या माणसाने ती लिहिली असेल तर बऱ्याचदा त्याने फक्त डोक्यातली कोंकणी मराठीत उतरवलेली असते. म्हणून 'तू' दिसला की ग्राहक अंगावर आला असं समजू नका. राग आहे की नाही ते बाकीच्या वाक्यावरून ओळखा.

आता ही सैल सवय उलट्या बाजूने चालेल का? नाही चालत. त्याचं कारणही इथलंच आहे. गोव्यात कोंकणी ही बहुतेकांची बोलायची भाषा, आणि मराठी ही अनेक घरांत वाचायची. 'गोमन्तक', 'नवप्रभा', 'तरुण भारत' यांची मराठी, शाळेतली मराठी, भजनाची आणि संगीत नाटकाची मराठी. छापलेल्या मराठीशी इथल्या वाचकाचं नातं थोडं अदबीचं असतं. त्यामुळे दुकानाने लेखी मराठीत केलेला 'तू' त्याला काउंटरवरच्या 'तूं'सारखा ऐकू येत नाही, तो जास्त रोख वाटतो. तोच वाचक 'आपण पाठवावे, आपणास कळविण्यात येईल' असं वाचतो तेव्हा त्याला पंचायतीची नोटीस आठवते. 'तुम्ही' या दोन्हींच्या मधला, आणि मधला म्हणजे गुळमुळीत असं मुळीच नाही.

नेमकं काय होतं ते एका कमेंटवर बघू. चवथीला दहा दिवस राहिलेत आणि कमेंट येते:

«काय रे, मिक्सर चवथ झाल्यावर आणून देतोस काय? आठवडा झाला पैसे भरून. फोन लावला तर उचलत नाहीस.»

'तरुण' उत्तर असं होईल: «अरे सॉरी! तुझा बिल नंबर पाठव, लगेच बघतो.» लिहिणाऱ्याला वाटतं, त्याने 'तू' केलं, आपणही केलं, फिटंफाट. पण दोघांच्या जागा सारख्या नाहीत. पैसे त्याने भरलेत, माल अजून दुकानात आहे. ज्याचं देणं बाकी आहे त्याने ऐकून घ्यायचं असतं. शिवाय तो एकटा वाचत नाही. खाली आणखी वीसजण वाचतात, त्यांना वरची कमेंट रागावलेल्या ग्राहकाची दिसते आणि खालचं उत्तर 'अरे'वर आलेल्या दुकानाचं. त्यांच्यापैकी ज्याला उद्या फ्रिज घ्यायचा आहे तो मनात नोंद करून ठेवतो.

'तू'ची दुसरी अडचण व्याकरणाची आहे, आणि ती कोणी आधी लक्षात घेत नाही. 'तू' आला की मराठी लगेच बाई की पुरुष विचारते. रागावलास की रागावलीस? कधी आलास की कधी आलीस? येतोस की येतेस? खात्याचं नाव 'फोंडेकर' किंवा नुसतं 'गोंयकार' असेल, फोटो गणपतीचा असेल, तर काय लिहिणार? 'तुम्ही'ला ही अडचण जवळजवळ नाही. 'तुम्ही कधी आलात', 'तुम्ही कुठे राहता', 'तुम्ही काय ठरवलंत', ही रूपं दोघांनाही चालतात. अडकायला होतं ते फक्त जोडक्रियापदात: 'तुम्ही दुकानात आला होतात' की 'आल्या होतात'? तिथे वाक्य थोडं वळवायचं: 'दुकानात कधी येणं झालं?' किंवा 'घेतलात कधी, आठवतं का?' 'घेतलात'मध्ये लिंग वस्तूचं लागतं, माणसाचं नाही. मिक्सर घेतलात, शेगडी घेतलीत, भांडं घेतलंत. त्यामुळे शक्य तिथे घेणं, पाठवणं, भरणं, सांगणं अशी क्रियापदं वापरली की ओळख नसलेल्या माणसाशी बिनधास्त बोलता येतं.

मालकांच्या पसंतीचं उत्तर बहुधा असं होईल: «आपल्या असुविधेबद्दल क्षमस्व. आपण आपला बिल क्रमांक इनबॉक्समध्ये पाठवावा. आपण लवकरात लवकर यातून मार्ग काढू.» वरवर शोभून दिसतं खरं. आता तिसरं वाक्य पुन्हा वाचा. मार्ग कोण काढणार? दुसऱ्या वाक्यातला 'आपण' म्हणजे ग्राहक. तिसऱ्यातला 'आपण' म्हणजे दुकान, की दुकान आणि ग्राहक दोघं? मिक्सर न मिळालेल्या माणसाला 'आपण मार्ग काढू' म्हटलं तर तो विचारेल, मी काय मार्ग काढू बाबा, गाडी तुमची आहे.

मराठीतला 'आपण' तीन कामं करतो. समोरच्याला आदराने हाक मारतो, 'तू आणि मी मिळून' असं सांगतो, आणि 'स्वतःचा' हा अर्थही देतो. बोलताना आवाज आणि नजर यांवरून कळतं कोणता ते. कमेंटमध्ये कळत नाही. सगळ्यात वाईट घोटाळा चुकीच्या बाबतीत होतो. 'बिलावर पत्ता अपुरा होता, ही आपली चूक झाली' असं वाक्य दुकानाने लिहिलं, तर ती कबुली आहे की आरोप? लिहिणाऱ्याला 'आमची' म्हणायचं असतं, ग्राहक 'तुमची' वाचतो आणि पुढच्या कमेंटमध्ये भडकतो. पैशांच्या बाबतीतही तेच. 'आपले पैसे आपल्याकडे जमा झाले आहेत' यावरून परतावा झाला की पैसे दुकानाला पोचले, हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून चूक, पैसे, माल, तारीख या चार ठिकाणी 'आपला' लिहूच नका. 'आमची चूक', 'तुमचे पैसे', 'आमची गाडी' असं उघड लिहा.

हा 'आपण' इतका बोकाळला कुठून, तर त्याचा मोठा वाटा हिंदीतून आलेल्या तयार मजकुराचा आहे. कंपनीकडून ग्राहकसेवेची वाक्यं हिंदीत येतात, त्यांतला 'आप' मराठीत आणताना 'आपण' होतो, कारण दिसायला तेच वाटतं. पण हिंदीत 'आप' रोजचा आहे, रिक्षावाल्यालाही 'आप' म्हणतात. मराठीत ती रोजची जागा 'तुम्ही'ची. हिंदीचा 'आप' मराठीत 'आपण' करून ठेवला की उंबऱ्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला स्टेजवर बसवल्यासारखं होतं. 'असुविधा' हाही त्याच वाटेने आलेला शब्द. मराठीत 'गैरसोय' म्हणतात, आणि त्याहून चांगलं म्हणजे नेमकं काय झालं ते सांगावं.

मी लिहीन ते असं:

«नमस्कार. पैसे भरून आठवडा झाला तरी मिक्सर पोचला नाही, वर आम्ही फोनही उचलला नाही. दोन्ही आमच्याकडून राहिलं, माफ करा. बिल नंबर इनबॉक्समध्ये पाठवलात तर गाडी कधी निघते ते आज संध्याकाळी सहाच्या आत कळवतो.»

यात 'तुम्ही' हा शब्द एकदाही नाही. मान आहे तो 'माफ करा'त आणि 'पाठवलात'च्या 'त'मध्ये. मराठीत कर्ता गाळता येतो आणि चांगल्या उत्तरात तो बऱ्याचदा गाळावाच. प्रत्येक वाक्यात 'तुम्ही तुम्ही' आलं की बोट दाखवून बोलल्यासारखं वाटतं, विशेषतः मागणी करताना. आता 'फोनही उचलला नाही' बघा. इथे 'फोन उचलला गेला नाही' असं लिहायचा मोह होतो. त्यात फोन जणू आपणहून खाली पडून राहिला. ग्राहकाने 'उचलत नाहीस' म्हणून माणसाला धरलं आहे, तर माणसानेच उत्तर द्यावं: 'आम्ही उचलला नाही'. 'तुम्ही'चा जोडीदार 'आम्ही'. उत्तर एकच व्यक्ती देत असली तरी 'आम्ही' म्हणा, म्हणजे 'बघतो' की 'बघते' हाही प्रश्न मिटतो.

संध्याकाळी सहाची वेळ मी मुद्दाम घातली. पण ती पाळता येणार असेल तरच लिहा, नाहीतर सर्वनाम कितीही बरोबर असलं तरी सातला पुन्हा 'काय रे' येणार.

आज्ञार्थाकडे जरा थांबून बघा, कारण 'तुम्ही' धरल्यावरही दुकानं इथे ठेचकाळतात. 'बिल नंबर पाठवा' व्याकरणाने आदरार्थीच आहे, पण रागावलेल्या माणसाला तो हुकूम वाटतो. म्हणून आधी 'कृपया' चिकटवतात. 'कृपया पाठवा' म्हणजे हुकूमच, फक्त छापील कागदावरचा. 'पाठवावा' केलं की पुन्हा नोटीस. मराठीत नरमाईची चांगली रूपं तयार आहेत: 'पाठवाल का?', 'पाठवलात तर लगेच बघतो', 'एकदा फोटो दाखवाल का म्हणजे कळेल'. 'तर' आणि 'म्हणजे' यांचा फायदा असा की मागणीबरोबर तिचं कारणही येतं. बिल नंबर मागितला कारण त्यावरून गाडी शोधायची आहे, हे त्याला त्याच वाक्यात कळतं. पण सुरक्षेची गोष्ट असेल तिथे मात्र सरळ 'पाठवा', 'लावू नका' असंच लिहा. 'गॅसचा वास येत असेल तर शेगडी लावू नका, रेग्युलेटर बंद करा' यात 'कराल का' घालायचं काही कारण नाही.

पुढे बघू. समजा तो उत्तर देतो:

«बिल पाठवलंय. माटोळीचं सामान आणायचं की तुमच्या गाडीची वाट बघत बसायचं?»

टोमणा अजून आहे. पण 'देतोस'चं 'तुमच्या' झालं, हे बघितलंत? दुकान 'तुम्ही'वर ठाम राहिलं की बरेच ग्राहक दुसऱ्या-तिसऱ्या कमेंटला आपोआप वर येतात. राग उतरतो आहे की चढतो आहे हे ओळखायला त्याच्या क्रियापदासारखी खूण नाही. हसऱ्या-रडक्या चिन्हांवर जाऊ नका. उलट 'तुम्ही' म्हणणारा माणूस 'तू'वर घसरला तर त्याला वाटतंय की उत्तर कोणी नीट वाचूनच दिलेलं नाही. आणि जो आतापर्यंत 'तुम्ही' म्हणत होता तो एकदम 'आपण फार कृपा केलीत' असं लिहायला लागला, तर समजा प्रकरण हातचं गेलं. ताबडतोब फोन लावा.

कारण मराठीतला 'आपण' टोमणा मारायलाही वापरतात. 'आपण थोर आहात' हे वाक्य कौतुकाने क्वचितच कोणी म्हणतं. म्हणूनच दुकानाने भांडण चाललेलं असताना 'तुम्ही'वरून 'आपण'वर जाऊ नये. ग्राहक म्हणतो 'वॉरंटी नाकारली, फसवलंत', आणि दुकान उत्तर देतं, 'आपण कृपया बिलामागील अटी वाचाव्यात.' लिहिणाऱ्याला वाटतं प्रकरण औपचारिक झालं म्हणून भाषा वर नेली. वाचणाऱ्याला ऐकू येतं, 'वाचता येत नाही का?' त्याऐवजी, 'बिलामागे लिहिलंय की जार तुटला तर वॉरंटी लागत नाही, मोटर बिघडली तर लागते. तुमचा जार तुटलाय की मोटर बंद पडलीय, ते सांगाल का?' अट तीच, नकारही कदाचित तोच, पण बोलणं त्याच पायरीवर राहतं. हे तेव्हाही जपा जेव्हा सकाळी एकजण उत्तरं देतो आणि संध्याकाळी दुसरा. एकाच कमेंटखाली सकाळचा 'तुम्ही' आणि संध्याकाळचा 'आपण' दिसला तर ग्राहक त्यात हेतू शोधतो. आणि फेसबुकवर कमेंट नंतर दुरुस्त केली तरी जुना मजकूर एडिट हिस्टरीत बघता येतो, हेही ध्यानात असू द्या.

वरच्या मिक्सरच्या कमेंटखाली आता तिसरी व्यक्ती येते. चवथ जवळ आली की येतेच:

«मुलाने आमच्यासाठी मिक्सर घेतला आहे. आपण जरा लक्ष घालावे ही विनंती.»

आई असेल किंवा वडील. जुन्या वळणाची मराठी, कदाचित निवृत्त शिक्षक. इथे नियम असा की ग्राहक वर गेला तर त्याच्याबरोबर वर जाता येतं, तो खाली आला तर खाली जायचं नसतं. एकट्या कमेंटला मी अशा माणसाला 'आपण'मध्ये उत्तर देईनही. पण इथे त्याच धाग्यात मुलाला 'पाठवलात' म्हटलं आहे. बापाला 'आपण', मुलाला 'तुम्ही' असा फरक सगळ्यांना दिसेल. म्हणून सर्वनाम न बदलता उंची दुसरीकडून आणायची:

«नमस्कार. बिल मिळालं आहे, काळजी नसावी. मिक्सर उद्या सकाळी दुकानातून निघेल. दुपारी घरी कोणी असेल ना?»

'काळजी नसावी'मधली अदब जुन्या वाचकाला बरोबर पोचते आणि त्यात 'आपण' नाही. शेवटचा प्रश्न 'तुम्ही घरी असाल ना?' असा केला असता तर कोण, मुलगा की आईवडील, की सगळे? 'तुम्ही' एकाला आदराने आणि अनेकांनाही चालतो, त्यामुळे दोन-तीन जण बोलत असतील तिथे तो गोंधळ करतो. 'घरी कोणी असेल ना' म्हटलं की प्रश्नच उरत नाही.

आता 'आपण' शोभतो ते प्रसंग. दुकान बंद राहणार असल्याची सूचना, नव्या शाखेच्या उद्घाटनाचं निमंत्रण, देवस्थान समितीने किंवा शाळेने मोठ्या पातेल्यांची चौकशी केली असेल तर तिला उत्तर. तिथे समोर संस्था असते. पण मग पूर्ण मजकूर त्याच रीतीने न्यायला हवा: 'आपण पाठवलेली यादी मिळाली. दर आम्ही उद्या कळवू. आपण पाहून निर्णय कळवावा.' 'आपण तुमची यादी पाठवा' असं अर्धं इकडे अर्धं तिकडे झालं की दोन्ही मान गेले. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे. तुमच्या सेव्ह करून ठेवलेल्या उत्तरांत ती आत्ताही असेल. एकदा बसून प्रत्येक उत्तरात समोरच्याला उद्देशून आलेले शब्द अधोरेखित करा: आपण, तुमचा, पाठवा, पाठवावा, आपल्याला. एका उत्तरात दोन पायऱ्या सापडल्या तर ते उत्तर नव्याने लिहा, डागडुजी करू नका. सर्वनाम बदलून क्रियापद तसंच राहतं, आणि 'तुम्ही पाठवावा' असं काहीतरी तिरपागडं तयार होतं.

पोस्टमधला 'तू' मला खुपत नाही. 'चवथीला गावी येतोस ना?' हे सगळ्या गर्दीला म्हटलेलं असतं, त्यातून कोणी स्वतःला 'तू' केलं असं समजत नाही. (मात्र 'येतोस'ने अर्धी गिऱ्हाइकं, आणि मिक्सरच्या बाबतीत बहुधा अर्ध्याहून जास्त, बाहेर राहिली, ते बघा. 'चवथीला गावी येणार ना?' म्हटलं की सगळे आत.) पण त्या पोस्टखाली कोणी कमेंट केली की ती गर्दी राहत नाही, एक माणूस होतो. पोस्ट 'तू'ची आणि उत्तर 'तुम्ही'चं, यात विसंगती काही नाही. लहान मुलांच्या चित्रस्पर्धेतही तेच. चित्र सात वर्षांच्या मुलीचं, खातं तिच्या आईचं. 'किती छान काढलंस!' लिहिलं की ते आईला जातं. 'चित्र फार गोड आलंय, तिला शाबासकी सांगा' असं लिहा.

नावामागे काय लावायचं हे कमी बोलण्याने सुटतं. 'जी' हिंदी आहे. 'ताई', 'दादा' ओळख असेल तर गोड, नसेल तर लघळ. 'काकू' चुकला तर ग्राहक कायमचा जातो. उत्तर देताना नाव आपोआप टॅग होतं, त्यापुढे 'नमस्कार' पुरतो.

कमेंट कोंकणीत असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि कोंकणीत उत्तर द्या. देवनागरीत दोन्ही सारखी दिसतात, पण 'म्हाका मिक्सर केन्ना मेळटलो?' याला मराठीत उत्तर दिलं तर मिक्सर राहील बाजूला आणि भाषेवर भांडण सुरू होईल. १९८७च्या राजभाषा कायद्याआधीचं आंदोलन अनेक घरांना अजून आठवतं. म्हाका, आसा, जाय, कितें, केन्ना यांपैकी एखादा शब्द दिसला की ओळखा. तिथेही दुकानाने 'तुमी' धरावं: 'तुमकां फाल्यां मेळटलो.' कोंकणीत 'तूं' सैल आहे म्हणून दुकानाने तो उचलायचा, असं होत नाही. सैलपणा ग्राहकाच्या बाजूचा आहे.

एक गोष्ट फोंड्यासारख्या गावात हमखास येणार. मालकांचा शाळेपासूनचा दोस्त पेजवर येऊन लिहील, 'अरे, माझा कुकर कधी देतोस?' त्याला पेजवरून 'तुम्ही' म्हटलं तर तो हसेल, 'तू' म्हटलं तर बाकीच्यांना वाटेल ओळखीच्यांचं काम आधी होतं. अशा कमेंटला पेजवरून दोन शब्दांत उत्तर द्या, 'शुक्रवारी मिळेल', त्यात ना तू ना तुम्ही. बाकीची थट्टा मालकांनी स्वतःच्या खात्यावरून करावी, तिथे 'तू' त्यांचा आहे.